पेठच्या एका द्विशिक्षकी शाळेत, पुस्तकं येण्याआधी

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेठ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत जाऊन आले. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट ३१. शाळा भरून दहा-बारा दिवस झाले होते आणि नवी पाठ्यपुस्तकं पोहोचली नव्हती. गावाचं आणि बाईंचं नाव लिहीत नाही, तशी त्यांचीच इच्छा आहे.

जायचं कारण सांगते. मी निफाडकडे शिकवते. ऑक्टोबरची द्राक्षछाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याची कुटुंबं आमच्या भागात बागांच्या कामाला येतात आणि त्यांची काही मुलं आमच्या वर्गात बसतात. गेल्या हंगामात आलेल्या एका मुलाला वजनमापं इतकी पक्की येत होती की मी त्याच्या बाईंचा नंबर मिळवला. फोनवर त्या म्हणाल्या, "मॅडम, ते आम्ही पुस्तक यायच्या आधीच करतो. जूनमध्ये या, म्हणजे दिसेल."

नाशिकहून पेठ रस्त्याने रामशेज मागे टाकला की पाऊस वाढत जातो. एसटीने करंजाळीपर्यंत जायचं, तिथून पुढे जीप. सावळघाटात पावसाळी धुकं इतकं दाट असतं की गाड्या अगदी हळू चालतात, त्यामुळे घड्याळाला धरून निघाल तर परिपाठ चुकेल. पहिलीच एसटी धरा.

बाईंकडे तिसरी-चौथी एकत्र, गुरुजींकडे पहिली-दुसरी. आपण बहुतेक जण वार्षिक नियोजन करतो ते पुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेवून. त्यातून घटक, घटकातून रोजचं टाचण, आणि टाचणात पान क्रमांक. पुस्तकच नसेल तर ही साखळी पहिल्या कडीलाच तुटते आणि वर्ग मागच्या वर्षाच्या उजळणीवर दिवस काढत राहतो. बाईंनी अनुक्रमणिकेऐवजी इयत्तेच्या अध्ययन निष्पत्ती घेतल्या. मुलाला वर्षाअखेरीस काय यायला हवं ते त्यात लिहिलेलं असतं, आणि त्यासाठी पुस्तक हातात असावं लागत नाही. ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर त्यांनी एकेक निष्पत्ती उतरवली आणि प्रत्येकीपुढे तीनपैकी एक खूण केली : पुस्तकाशिवाय होईल, पुस्तकपेढीतली जुनी प्रत पुरेल, नव्या पुस्तकासाठी थांबावं लागेल.

गणितातलं मापन, संख्यांची स्थानिक किंमत, माहितीचं वर्गीकरण हे सगळं पहिल्या खुणेत आलं. परिसर अभ्यासातलं पाणी, पिकं, गावाचा नकाशा हेही तिथेच. मराठीच्या कविता, आकलनाचे उतारे आणि इंग्रजीचा बराचसा भाग तिसऱ्या खुणेत गेला. एरवी मापन वर्षाच्या बऱ्याच पुढे येतं, ते त्यांनी उचलून जूनमध्ये आणलं.

थांबलं तर काय बिघडतं, हे त्यांनी मला हजेरीवर दाखवलं. गेल्या वर्षीचं जुलैचं पान गैरहजेरीच्या खुणांनी भरलेलं होतं. जुलैत भाताची आणि नागलीची आवणी असते. आईबाप दिवसभर चिखलात, आणि आठ-नऊ वर्षांची मुलं घरी धाकट्यांना सांभाळतात. ऑगस्ट-सप्टेंबरला वर्ग पुन्हा भरतो, दिवाळीच्या आसपास काही कुटुंबं बागांकडे निघतात. आवणीआधी पूर्ण पटाने वर्ग बसतो तो जूनचा पंधरवडाच. तोच पुस्तकांची वाट पाहण्यात गेला, तर पुस्तकं येतात तेव्हा ती वाचायला मुलं नसतात. आमच्याकडे ऑक्टोबरात येणाऱ्या मुलांकडे मी कधी या बाजूने पाहिलंच नव्हतं.

आता त्या दिवशीचा तास. हजेरी झाली, २७ मुलं. बाईंनी फळ्यावर लिहिलं : एका मुलाला तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम. पोषण आहाराचं प्राथमिकचं प्रमाण हेच आहे. चौथीच्या मुलीने २७ गुणिले १०० करून २७०० ग्रॅम लिहिलं. म्हणजे किलो किती? दोघांनी ठामपणे २७ सांगितलं. बाई चूक म्हणाल्या नाहीत. त्यांनी एक किलो तांदळाची पिशवी त्या दोघांच्या हातात दिली आणि विचारलं, "अशा सत्तावीस पिशव्या मावशींच्या पातेल्यात मावतील का?" पातेलं समोरच होतं. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

सुटका केली तिसरीने. तिसरीला हजारांतले गुणाकार नीट येत नव्हते, म्हणून त्यांना बाईंनी वेगळं काम दिलं होतं : मुलांचे दहा-दहाचे गट करा. दहा जणांचा तांदूळ एक किलो, हे त्यांनी शंभर-शंभर मोजत काढलं. २७ मुलं म्हणजे दोन गट आणि वर सात जण. दोन किलो आणि सातशे ग्रॅम. तिसरीचा एक मुलगा हे मोठ्याने बोलला, आणि चौथीच्या फळ्यावरची २७०० ही संख्या तिथे जाऊन बसली. एका खोलीत दोन इयत्ता असल्या की एकीला गप्प बसवून दुसरीला शिकवायचं, अशी आपली सवय असते. इथे धाकट्यांचं उत्तर मोठ्यांच्या कामी आलं.

पुढचा भाग मला सर्वांत आवडला. स्वयंपाकाच्या मावशी तांदूळ डब्याने घेतात, काट्याने नाही. त्या म्हणाल्या, आज सहा डबे लागतील. मुलांनी एक डबा सपाट भरून तोलला : ४५० ग्रॅम. दोन डब्यांचे ९००, सहांचे २७००. मावशींचा अंदाज तंतोतंत निघाला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मला अजून आठवतं. मग बाईंनी विचारलं, उद्या सगळी ३१ मुलं आली तर? ३१०० ग्रॅम हवेत, सहा डब्यांत २७०० झाले, राहिले ४००. म्हणजे सातवा डबा घ्यायचा, पण ५० ग्रॅम कमी. डाळीचे ५४० ग्रॅम घरी करून आणायला दिले.

त्यांची टाचण वही पाहिली. घटक : वजन. साहित्य : तांदूळ, काटा, डबा. पान क्रमांकाची जागा कोरी ठेवलेली. पुस्तक आलं की तिथे पेन्सिलने आकडा पडतो.

मराठीत मात्र हे इतकं सरळ जात नाही, आणि बाईंनी ते लपवलं नाही. आधी त्या जुन्या प्रतीतला पाठ फळ्यावर लिहून द्यायच्या. तिसरीच्या मुलांचा अख्खा तास उतरवण्यात जायचा. एकदा त्यांनी फळा पुसला आणि स्वतःच्या वहीतून वाचा म्हणाल्या, तेव्हा निम्म्यांना आपलंच लिहिलेलं वाचता येईना. ती मुलं अक्षरांची चित्रं काढत होती. तेव्हापासून लांब उतरवणं बंद. आता मुलं पाच-सहा वाक्यं सांगतात, भाताच्या रोपांबद्दल किंवा रात्रीच्या पावसाबद्दल, बाई ती कागदाच्या पट्ट्यांवर लिहितात, आणि मुलं पट्ट्या वाचून क्रमाने लावतात.

यातही एक धोका आहे. वाक्यं मुलांचीच असल्याने ती पाठ असतात. म्हणून बाई मधल्या दोन पट्ट्यांची अदलाबदल करून वाचायला देतात. वाचणारं मूल अडखळतं आणि "हे इथं नाही" म्हणतं. पाठ म्हणणारं मूल बोट पुढे सरकवत मूळ क्रमानेच सगळं म्हणून टाकतं. माझ्यासमोर एका मुलीचं अगदी असंच झालं. बाईंनी तिला एकेक शब्द कापून वेगळा दिला, तेव्हा सहांपैकी दोन शब्द तिला आले. नवख्या मजकुराचं वाचन पट्ट्यांनी होत नाही. त्यासाठी त्या शाळेच्या वाचनालयातली गोष्टींची पुस्तकं वापरतात, आणि आकलनाचे प्रश्न खरोखरच पाठ्यपुस्तक येईपर्यंत मागे राहतात.

पुस्तकं आल्यावर पान एकपासून सुरुवात करायचा मोह मोठा असतो. बाई आधी अनुक्रमणिकेवर बसतात आणि जे घटक झाले त्यांच्यासमोर पेन्सिलने टिंब देतात. टिंबाच्या घटकाचा फक्त स्वाध्याय एका तासात घेतात. बहुतेकांना जमला तर पुढे, नाही तर तेवढाच भाग परत. पुढे फोनवर कळलं की पुस्तकं ऐन आवणीत आली, आणि जी मुलं त्या दिवशी नव्हती त्यांच्या प्रतींवर नाव लिहून त्या कपाटात ठेवल्या आहेत.

कोणाला जाऊन बघायचं असेल तर आधी मुख्याध्यापकांशी बोला आणि केंद्रप्रमुखांच्या कानावर घाला. शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा आहाराच्या वजनाचा तास नीट बघायला मिळणार नाही, इतर कुठलाही वार धरा. वर्गात मागे बसा, मुलांना मध्येच प्रश्न विचारू नका, फोटो विचारल्याशिवाय काढू नका. जेवणाचा डबा घेऊन जा, तिथल्या आहाराचं गणित मुलांच्या हजेरीवर चालतं.

भेट म्हणून पाठ्यपुस्तकं नेऊ नका. आवृत्ती वेगळी निघाली तर दोन प्रकारची पुस्तकं एका वर्गात येतात आणि गोंधळ वाढतो. त्यापेक्षा छोटा वजनकाटा, कोरे कागद, स्केचपेन आणि प्लास्टिकचे पाऊच न्या. पाऊच फार उपयोगी पडतात, कारण या पावसात पट्ट्या दोन दिवसांत दमट होऊन फाटतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत असतात. त्या नाशिकमध्येच उतरवून घ्या, घाटापलीकडे नेटवर्कचा भरवसा नाही. पूर्ण पुस्तक छापू नका. बाईंना विचारून तिसऱ्या खुणेतले चार-पाच उतारे तेवढे छापा, आणि छापण्याआधी आवृत्तीचं वर्ष चालू वर्षाच्या पुस्तकाशी जुळतं का ते पहिल्या पानांवर तपासा.

निघताना शेरेबुक पुढे येईल. तिथे नुसतं "उत्तम उपक्रम" लिहू नका. कुठल्या इयत्तेला काय येत होतं, किती मुलांना येत नव्हतं, ते लिहा. बाई ते पान ऑगस्टमध्ये, वर्ग पुन्हा भरल्यावर, काढून बघतात. परतीची जीप दुपारी उशिरा मिळणं कठीण असतं, म्हणून उतरतानाच चालकाला वेळ विचारून ठेवा.