उद्यमबागेतली आमची 28 वर्षं

मंडळी, उद्यापासून भट्टीची किल्ली पुतण्याकडे. 28 वर्षांत आपण काय काय ओतलं ते सांगत बसत नाही, तुम्हीच ओतलंय. पण एका पावसाळ्याचं बोलल्याशिवाय मला गेटबाहेर पडता येणार नाही.

त्या आषाढात निपाणीच्या सावकारांना पंपाच्या 240 बॉड्या गेल्या आणि 90 परत आल्या. बाहेरून माल स्वच्छ होता. बोअर मारल्यावर आत गुळगुळीत, चकचकीत भोकं. मी रेतीला दोष दिला, मिक्सरचं पाणी कमी करायला लावलं. साचे ढासळायला लागले, नुकसान वाढलं. त्याच आठवड्यात शेजारच्या फौंड्रीवाल्यानं आपले दोन मोल्डर जास्त पगारावर नेले आणि सावकारांकडे जाऊन 'यांचं संपलं' म्हणून सांगितलं. ते मला अजून लागतं. माणसं नेली याचं नाही, ते बोलल्याचं.

मामा मात्र राहिले. त्यांनी फुटक्या बॉड्या ओळीनं मांडल्या आणि म्हणाले, "मालक, रेती ओली असती तर भोकं बाहेरच्या अंगाला आली असती. ही सगळी कोरच्या अंगाला आहेत." मग रॅकवरची कोर हातात घेऊन चोळली. पांढरी भुकटी निघाली. आम्ही सिलिकेटच्या कोरी आठवडाभर आधी करून, जास्त गॅस मारून, गळक्या पत्र्याखाली ठेवत होतो. त्या दमट हवा प्यायच्या. तापलेलं लोखंड लागलं की आतल्या पाण्याची वाफ व्हायची, आणि कोरचं हवेचं भोक बुजलेलं असलं की ती लोखंडातच घुसायची.

दुसऱ्या दिवसापासून लागतील तेवढ्याच कोरी करायच्या, साच्यात बसवण्याआधी ओव्हनमध्ये दीडशे डिग्रीवर तासभर वाळवायच्या, आणि प्रत्येकीच्या भोकातून सळई घालून बघायची असं ठरलं. पुढच्या 60 बॉड्यांत दोनच परत आल्या. सावकार स्वतः आले, रेतीच्या ढिगाशेजारी बसून चहा प्याले आणि पुढच्या ऑर्डरचे निम्मे पैसे आधीच देऊन गेले. त्या पैशातून तुमचे दोन महिन्यांचे थकलेले पगार झाले.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. रेतीचा मीटर आलाय, चांगलंच आहे, पण सकाळी पहिल्या घाण्याची मूठ आवळून मोडून बघा. कडा सरळ तुटली पाहिजे आणि तळहात ओला होता कामा नये. लॅडल लाल होईपर्यंत तापवल्याशिवाय त्यात धातू घेऊ नका. आणि नव्या पोरांना आधी कोर चोळायला शिकवा, ओतायला मागाहून.

अण्णा, अक्का, तुम्ही माझं मोडकं कन्नड इतकी वर्षं चालवून घेतलंत. मामा, तुमची सळई मी ओव्हनशेजारच्या खुंटीला लावलीय, तिथंच राहू दे. कुंदा आणलाय, पाळी सुटायच्या आत सगळे ऑफिसात या.