पाळी नाही, पण तारीख तीच

सकाळची ओपीडी, दुसराच पेशंट. या ताई मला चांगल्या लक्षात होत्या, नऊ महिन्यांपूर्वी मीच त्यांच्या गर्भपिशवीचं आतलं अस्तर उष्णतेने जाळायचं अ‍ॅब्लेशन केलं होतं आणि तेव्हापासून एक थेंब लाल नाही म्हणून दोनदा पेढे घेऊन आल्या होत्या. त्या दिवशी मात्र उजव्या बाजूला पोट धरूनच आत आल्या. म्हणाल्या, "मॅडम, पाळी न्हाई पर तारीख आली की दोन-तीन दिस हितं कळा येत्यात, गेले चार महिने." हे ऐकूनच मला अंदाज आला आणि खरं सांगते वाईट वाटलं.

आधीची गोष्ट सांगते. वय 46, दोन मुलं, दुसऱ्या डिलिव्हरीनंतर फॅमिली प्लॅनिंगचं ऑपरेशन झालेलं. पाळीत आठ-नऊ दिवस गाठी पडायच्या, रात्री उठून पॅड बदलायला लागायचं, हिमोग्लोबिन 7.1. गोळ्या घेऊन झाल्या होत्या, फरक नव्हता. गावात कुणीतरी सांगितलं होतं पिशवी काढून टाका, त्या तेच मागायला आल्या होत्या. (बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या 2019 च्या बातम्या वाचल्यापासून मी या मागणीला लगेच हो म्हणतच नाही.) सोनोग्राफीत पिशवी नॉर्मल साइजची, आत फायब्रॉइड नाही, पॉलिप नाही. अस्तराचा तुकडा बायोप्सीला पाठवला, रिपोर्ट साफ. ही बायोप्सी टाळायची नाही, कारण आत कॅन्सर किंवा त्याच्या आधीची वाढ असेल तर अ‍ॅब्लेशन चालतच नाही, आणि एकदा आतलं जळून चिकटलं की नंतर तपासायलाही कठीण जातं. मूल अजून हवं असेल तरी हे करायचं नाही. हे गर्भनिरोधन नाही, पण चुकून दिवस गेले तर वार नीट बसत नाही आणि जिवावर बेतू शकतं. ताईंचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ती काळजी नव्हती.

आयर्नचं सलाईन देऊन हिमोग्लोबिन दहाच्या वर आणलं आणि मग बलून अ‍ॅब्लेशन केलं. पिशवीत बारीक फुगा घालतात, त्यात पाणी भरून प्रेशर येतं, ते 87 डिग्रीपर्यंत तापतं आणि आठ मिनिटं तसंच ठेवायचं. आम्ही सगळे प्रेशरच्या आकड्याकडे बघत उभे असतो, तो अचानक पडला तर पिशवीला भोक पडलं असेल किंवा फुगा लीक असेल, तिथेच थांबायचं. त्यांचा आकडा स्थिर राहिला, त्या संध्याकाळी घरी गेल्या. तीन आठवडे पाण्यासारखं जात होतं, मग बंद. मी आधीच सांगितलं होतं की पाळी पूर्ण बंद होणं हे साधारण तिघींत एकीचं होतं, बाकी बहुतेकींची खूप कमी होते, आणि खरा फरक तीन ते सहा महिन्यांनीच कळतो.

एक गोष्ट मात्र मी नीट सांगितली नव्हती, कन्सेंटच्या कागदावर एका ओळीत होती बस. पिशवीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत, जिथे नळ्या सुरू होतात, तिथे उष्णता कधीकधी कमी पोचते आणि अस्तराचा एखादा तुकडा जिवंत राहतो. तो दर महिन्याला रक्त सोडतो पण खालची वाट चिकटून बंद झालेली, आणि नळ्या ऑपरेशनमध्ये बांधलेल्या म्हणून वरचीही बंद, मग रक्त तिथेच साठून ताण देतं. नळ्या बांधलेल्या थोड्याच बायकांना हे होतं, पण आपल्याकडे चाळिशीच्या बहुतेक बायकांच्या नळ्या बांधलेल्याच असतात ना!

दुखत असतानाच सोनोग्राफी केली, कारण चार दिवसांनी काही दिसलं नसतं. उजव्या कोपऱ्यात छोटी काळी थैली स्पष्ट दिसली. स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवलं. गोळ्यांनी तात्पुरतं बरं वाटतं, पण दर महिन्याला ते नको म्हणाल्या, शेवटी दुर्बिणीतून पिशवी आणि नळ्या काढल्या. पिशवी उघडली तर त्या कोपऱ्यात चमचाभर, काकवीसारखं काळपट रक्त. आता कळा नाहीत.

ताई कळा घेऊन आल्या त्याच दुपारी 36 वर्षांची एक मुलगी आली होती, "ते दहा मिनिटांचं करा" म्हणत. एक मूल, दुसऱ्याचं अजून ठरलेलं नाही. तिला मी सरळ नाही म्हणलं, मुलाचं तर आहेच, पण या वयात केलं की फेल होण्याचं प्रमाण जास्त, मेनोपॉजपर्यंत बरीच वर्षं असतात ना, तेवढ्यात अस्तर परत वाढतं. एकूणही पाच वर्षांत चार-पाच जणींत एकीला पुढे काहीतरी ऑपरेशन लागतंच. तिला हार्मोनची कॉपर-टीसारखी असते ती सुचवली, मूल हवं झालं की काढता येते. समजवताना कागदावर पिशवी काढली, दोन्ही कोपऱ्यांना पेनाने गोल केले, आणि तो कागद ती घडी करून घेऊन गेली.