ब्रशने लावलेलं तेल वहीत किती लिहायचं?

रविवार, रात्र.

बाबांच्या (म्हणजे सासऱ्यांच्या) तेलाची वही सुरू करून आज दोन आठवडे झाले. त्यांच्या हृदयाचा त्रास निघाला तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाला तीन चहाचे चमचे तेल ठरवून दिलं आणि रोज लिहून ठेवायला सांगितलं. भाजी-आमटीचं सोपं होतं. फोडणीला चार चमचे घातले, जेवणारी माणसं चार, म्हणजे बाबांच्या वाट्याला एक. अडलं ते डोसा आणि पराठ्याशी. नॉनस्टिक तव्यावर मी ब्रशने तेल लावते, चमचा त्यात येतच नाही. मग त्या रकान्यात काय लिहायचं? पहिल्या आठवड्यात मी 'ब्रश' असं लिहून पुढे जायची. बाईंनी त्यावर पेन्सिलने गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'किती चमचे?'

आधी चमचा नक्की करून घेतला. घरात चहाचे चमचे तीन घाटांचे आहेत आणि तिन्हींत मावतं वेगवेगळं. खोकल्याच्या औषधाबरोबर आलेल्या मापात ५ मिलीच्या खुणेपर्यंत पाणी घेऊन प्रत्येक चमच्यात ओतून पाहिलं. ज्याच्यात बरोबर काठोकाठ बसलं, त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला. आता तेलाला तोच. तेलाच्या पिशवीवर १ लिटर म्हणजे ९१० ग्रॅम असं छापलेलं असतं, त्या हिशोबाने ५ मिलीचा चमचा साधारण साडेचार ग्रॅमचा झाला. हा साडेचारचा आकडा हाती आला आणि वाट सापडली, कारण ब्रशचं तेल चमच्याने मोजता येत नसलं तरी वजनकाट्यावर मोजता येतं.

आधी वाटलं, ब्रश किती वेळा बुडवला ते मोजावं. करूनही पाहिलं. ब्रश तेलात बुडवून तसाच ठिबकत उचलला आणि असं दहा वेळा तव्यावर फिरवलं, तर वाटीतलं चौदा ग्रॅम गेलं. तोच ब्रश दर वेळी वाटीच्या काठाला निथळून घेतला, तर दहा वेळांत सहाच. बुडवणं दोन्हीकडे दहा वेळाच, तेल मात्र दुपटीहून जास्त. घाईची सकाळ असली की मी निथळत नाही, हे माझं मलाच माहीत आहे. तेव्हा बुडवणं मोजण्यात अर्थ नव्हता.

आता करते ते असं. वाटीत तेल घेते, त्यातच ब्रश ठेवते आणि दोन्ही मिळून वजन करते. डोसे झाले की ब्रशसकट वाटी पुन्हा काट्यावर. जेवढं कमी भरलं तेवढं तेल गेलं. ब्रश वाटीतच ठेवून वजन करायचं, हे महत्त्वाचं. सिलिकॉनच्या दातांमध्ये तेल बरंच धरून राहतं, आणि नुसतं वाटीत उरलेलं मोजलं तर ते ब्रशमधलं तेलही पोटात गेलं असं धरलं जातं. मधे ब्रश ताटलीत किंवा ओट्यावर टेकवायचा नाही, तिथे लागलेलं तेलही हिशोबात शिरतं. आणि काट्यावर शून्य करून ठेवण्याच्या भरवशावर राहायचं नाही. आमचा काटा थोड्या वेळाने आपोआप बंद होतो आणि शून्य विसरतो. म्हणून सुरुवातीचं वजन कागदावर.

पहिल्या मंगळवारी हिशोब चुकला होता. आठ डोशांना बारा ग्रॅम, हे मनाला पटेना. मग आठवलं, पहिले दोन-तीन डोसे करताना तव्यावर ब्रश फिरवला की तडतड आवाज येत होता. ब्रश तेव्हाच धुतला होता आणि दातांमध्ये पाणी राहिलं होतं. त्या पाण्याचंही वजन झालं आणि तव्यावर त्याची वाफ झाली. आता ब्रश रात्रीच धुऊन उभा ठेवते. ब्रश टेकवल्यावर तेल तडतडलं, तर त्या दिवसाचा आकडा धरत नाही.

आजचे डोसे. सुरुवातीला वाटी आणि ब्रश १४८ ग्रॅम, अकरा डोशांनंतर १४०. आठ ग्रॅम तेल, म्हणजे पावणेदोन चमचे, अकरा डोशांत. एकेका डोशाला पाऊण ग्रॅमच्या आतबाहेर. बाबांनी तीन खाल्ले, त्यांचा अर्धा चमचा. एकाच डोशाचं वजन करायला मी जात नाही. काटा ग्रॅमच्या खाली दाखवत नाही, तिथे एका ग्रॅमची चूक म्हणजे सगळाच घोळ. अकरांच्या घाण्यात तीच चूक वाटली जाते.

डोशाला तेल कमी लागतं याचं कारणही समजलं. नॉनस्टिकवर पीठ घालण्याआधी तेल जास्त झालं तर पीठ पसरतच नाही, डावाबरोबर गोळा होऊन फिरतं. त्यामुळे तव्याला नुसता हात पुसल्यासारखा ब्रश, आणि खरं तेल कडेने, पीठ वरून सुकल्यावर. पराठ्याचं तसं नाही. त्याला दोन्ही बाजू असतात, वर लाटताना लागलेलं कोरडं पीठ असतं, आणि ते तेल पिऊन टाकतं. ब्रश फिरवावा आणि क्षणात पृष्ठभाग पुन्हा कोरडा दिसावा, की हात आपोआप वाटीकडे जातो. गुरुवारी मेथीचे आठ पराठे केले. आधी १५१, नंतर १३६. पंधरा ग्रॅम, म्हणजे सव्वातीन चमचे. पराठ्यामागे दोन ग्रॅमला थोडं कमी, डोशाच्या अडीच पट. वरचं पीठ झटकून घेतलं तर थोडं कमी लागेल असं वाटतं, पुढच्या गुरुवारी ते करून वजन करणार आहे.

पण त्या दिवशी मला खरा धक्का बसला तो ब्रशने नव्हे. कणकेत मोहन म्हणून दोन चमचे तेल घातलं होतं आणि ते वहीत कुठेच नव्हतं. ते धरलं तर बाबांच्या दोन पराठ्यांचे वरचे पाऊण चमचा आणि आतले अर्धा, मिळून सव्वा चमचा. माझ्या वहीत त्या जागी 'ब्रश' एवढंच असतं, तर मी ते जवळजवळ शून्यच धरलं असतं. आजही तसंच. बटाट्याच्या भाजीत चार चमचे, चौघांत एकेक. चटणीच्या फोडणीला दोन, त्यातला बाबांचा अर्धा. तीन डोशांचा अर्धा चमचा त्या मानाने किती लहान! ब्रशकडे एवढं डोळ्यांत तेल घालून पाहिलं आणि तेल होतं भाजीच्या कढईत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार-मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या दिवसासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय, म्हणजे सहा चमचे. बाबांना त्याच्या निम्मंच. त्यामुळे अर्ध्या चमच्याचाही हिशोब मला लागतो.

संध्याकाळी बाबा वही उघडून बसले होते. म्हणाले, "सूनबाई, सकाळी दोन चमचे झाले का? मग रात्री एकच उरला."

मी रात्री मुगाची खिचडी केली, फोडणीला चार चमचे. आजची नोंद: डोसे ०.५, भाजी १, चटणी ०.५, खिचडी १. एकूण ३.