उजव्या टॉवरचा ट्वीटर: मेला तो वेगळाच

मागच्या वेळी मी मोठ्या थाटात लिहिलं होतं की माझ्या उजव्या टॉवर स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा घुमट, गेला, नवा आणतो, रविवारपर्यंत काम फत्ते. रविवार झाला. सध्या माझ्याकडे एक जळालेला ट्वीटर आहे, पण तो जुना नाही. जुना ठणठणीत आहे. जळाला तो नवा, आणि तो मीच जाळला.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रंगपंचमीला भाच्याने दोन्ही टॉवर गॅलरीत नेऊन गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, संपेपर्यंत वाजवले. दुसऱ्या दिवसापासून उजव्यातून फक्त खालचे सूर यायचे. तबल्याचा डग्गा ऐकू यायचा, चाट नाही. तानपुरा शेजारच्या घरात चालल्यासारखा वाटायचा. डाव्या-उजव्याच्या तारा टॉवरच्या टोकाला अदलाबदल करून पाहिल्या तरी मुका टॉवर तोच राहिला. म्हणजे ॲम्प आणि तारा सुटल्या, दोष पेटीतच.

आता माझी पहिली चूक. या टॉवरला मागे दोन जोड्या टर्मिनल आहेत, मध्ये पितळी पट्ट्या. मी पट्ट्या काढल्या, वरच्या जोडीवर मल्टिमीटर लावला, पडद्यावर `OL` आलं, म्हणजे वाट कुठेतरी तुटलेली, आणि ‘ट्वीटरची कॉइल तुटली’ असा निकाल देऊन मोकळा झालो. पण ट्वीटरच्या वाटेत कॅपॅसिटर असतो आणि मीटरचा डीसी त्यातून पार होत नाही. त्या टर्मिनलवर धडधाकट टॉवरसुद्धा `OL` च दाखवतो. डाव्यावर तेच करून पाहिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

इंदूरच्या महाराणी रोडवरच्या दुकानदाराने सावध केलं होतं, हे इथे कबूल करतो. “भैया, पहले खोल के सीधा ट्वीटर पे नापो, फिर ले जाना,” असं तो म्हणाला. ऐकलं कुणी? माझा ट्वीटर सहा ओहमचा, त्याच्याकडे तसा नव्हता, आठचा होता. चालेल म्हणून तोच उचलला. चाललं नसतंच. रोधन बदललं की क्रॉसओव्हरची, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटणाऱ्या बोर्डाची, फ्रीक्वेन्सी सरकते आणि दोन बाजू सारख्या वाजत नाहीत. पण तिथवर प्रकरण गेलंच नाही.

नवा बसवला, तरी शांतता. वैतागून तो बाहेर काढला आणि चालतो का बघावं म्हणून थेट ॲम्पच्या तारांना जोडला. आवाज नऊच्या काट्यावर होता, फार नाही. ढोलाची एक थाप आली, ‘टर्र’ झालं, वार्निश जळाल्याचा वास आला, आणि संपलं. ट्वीटरच्या कॉइलची तार केसासारखी असते. कॅपॅसिटर मध्ये नसला की खालचे सूर सरळ तिच्यावर येतात. घुमटाला झेपणार नाही इतकं पुढे-मागे व्हावं लागतं आणि कॉइल तापून तुटते. यावेळचं `OL` मात्र खरं होतं, कारण दोन्ही प्रोब ट्वीटरच्याच टर्मिनलांवर होते.

मग शरमेने जुना ट्वीटर तसाच मोजला. ५.१ ओहम. सहा ओहमच्या ट्वीटरला हे अगदी योग्य. जिवंत! पंधरा दिवस मी त्याचं सुतक पाळत होतो.

तेव्हा दोष क्रॉसओव्हरमध्ये. इथे डावा टॉवर कामाला आला. दोन्हींचे ट्वीटर सोडवले आणि ट्वीटरकडे जाणाऱ्या मोकळ्या तारांवर मीटर लावला. माझ्या बोर्डवर आधी ४.७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, मग आडवी जमिनीकडे जाणारी कॉइल, आणि शेवटी ट्वीटरच्या रांगेत २.२ ओहमचा पांढरा सिमेंट रेझिस्टर आहे. म्हणजे मागे वळून पाहिलं तर रेझिस्टर आणि कॉइल मिळून दिसायला हवेत: २.२ अधिक कॉइलचे ०.४. डाव्यावर बरोबर २.६ आलं. उजव्यावर `OL`.

आता कॉइल की रेझिस्टर? कॉइल मोजली, ०.४. रेझिस्टर पायापासून पायापर्यंत मोजला, २.२. दोन्ही चांगले! अर्धा तास मी मीटरलाच शिव्या दिल्या. मग लक्षात आलं की मी रेझिस्टरचे पाय मोजतोय, पण ते पाय बोर्डाला लागलेत की नाही हे मोजलंच नाही. एक प्रोब कॉइलच्या जमिनीकडच्या डागावर आणि दुसरा रेझिस्टरच्या ट्वीटरकडच्या पायावर ठेवून रेझिस्टर जरा दाबला की २.६, सोडला की `OL`. भिंग घेऊन पाहिलं तर रेझिस्टरच्या कॉइलकडच्या डागाच्या मधोमध पायाभोवती केसाएवढी गोल भेग होती. रेझिस्टरखालचा गोंद सुटला होता, त्यामुळे तो वूफरच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डुलत होता. त्यात तापायचाही. कित्येक महिने तडा वाढत असणार, रंगपंचमीने शेवटचा धक्का दिला. पेटीवर थाप मारली की क्षणभर ‘स्स’ परत येतो असं मी पहिल्या नोंदीत लिहिलं होतं. मेलेल्या ट्वीटरची कॉइल थापेने परत येत नसते, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुरुस्ती वीस मिनिटांची. जुना सोल्डर वेणीने शोषून काढला, पाय खरवडून चकचकीत केला, नवा डाग दिला, आणि रेझिस्टर बोर्डापासून तीन-चार मिलिमीटर वर ठेवला म्हणजे खालून हवा लागेल. आधार म्हणून सिलिकॉन लावलं, पण न्यूट्रल. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन तांबं खातं. ग्लू गन इथे नको, तापल्यावर सुटते.

आणि यावेळी चाचणी माणसासारखी केली. ॲम्प बंद ठेवूनच तारा जोडल्या, कारण चालू असताना तारा एकमेकींना लागल्या तर आउटपुट जायला वेळ लागत नाही. आवाज शून्यावर. ट्वीटर आधी एकटाच तपासायचा म्हणून धन तारेत दहा मायक्रोफॅरडचा बायपोलर कॅपॅसिटर मध्ये घातला. सहा ओहमच्या ट्वीटरला तो साधारण अडीच हजार हर्ट्झच्या खालचं कमी करत जातो. ढोल-ताशे नाहीत, रेडिओवरच्या बातम्या लावल्या आणि जेमतेम ऐकू येईल इतकाच आवाज दिला. ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ आले. मग पेटीत बसवला आणि वर्तमानपत्राची नळी करून कान लावला. वूफर जोरात असला की ट्वीटर वाजतोय की नाही हा भ्रम होतो, नळीने तो जातो. आई मागून म्हणाली, “अरे, आता पेटीच्या कानात काय सांगतोयस?”

स्क्रू बसवताना एक सांभाळा. ट्वीटरचं चुंबक स्क्रूड्रायव्हर ओढून घेतं आणि टोक सरळ घुमटात जातं. मी वर पुठ्ठा धरला होता.

यानंतर दोन्ही रेझिस्टर दहा वॅटचे करायचे, असं ठरवत होतो. पण लिहिता लिहिता वाटतंय की रोग वॅटचा नव्हताच, डुलण्याचा होता. डाव्याचा बोर्ड आत्ता काढला: मोजमाप बरोबर, पण रेझिस्टर बोटाने हलतोय. तेव्हा वॅट राहू दे, उद्या डाव्यालाही तोच डाग आणि तेच सिलिकॉन. जोरात वाजवायला अजून एक दिवस थांबतोय, सिलिकॉन सुकू दे.

मेलेला आठ ओहमवाला उघडला. कॉइलच्या मध्यावर दाण्याएवढा काळा ठिपका आहे, तिथूनच तार तुटली. भाच्याला तो दाखवला. त्याने विचारलं, “मामा, हा पण मीच उडवला का?”