तुम्ही विचारलंत म्हणून: चेंबर, फर्म की कंपनी?

“सनद हातात आली. आता सीनिअरच्या चेंबरला बसू, लॉ फर्म धरू की कंपनीच्या लीगलमध्ये जाऊ? पैसे, शिकणं आणि कोर्ट, तिन्ही कुठे मिळेल?”

तिन्ही एका जागी मिळत नाही, निदान सुरुवातीला तरी. एका दाव्यात हे तिघं काय काय करतात ते सांगते, म्हणजे कुठे काय मिळतं ते दिसेल.

समजा, चाकणच्या एका कारखान्यावर पुण्याच्या कमर्शियल कोर्टात साठ लाखांच्या थकीत बिलाचा दावा लागला. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्यायची. कोर्ट कारणं नोंदवून मुदत वाढवू शकतं, पण 120 दिवस उलटले की कैफियत रेकॉर्डवर घेताच येत नाही.

कंपनीतल्या ज्युनिअरचं पहिलं काम कायद्याचं नसतंच. समन्स इनवर्डला नेमकं कधी आलं हे ती शोधते, कारण गेटवरच्या ट्रेमध्ये आठ-दहा दिवस सहज गेलेले असतात. मग स्टोअर आणि क्वालिटीच्या मागे लागते: माल सदोष होता म्हणता, तर तो नाकारल्याची नोंद त्याच वेळी झाली होती का? नसेल तर लढायचं की तडजोड करायची, याचं टिपण ती वरिष्ठांपुढे ठेवते. वाद जन्मतो कुठे हे तिच्याइतकं कोणाला कळत नाही. कोर्टात मात्र ती पक्षकाराच्या बाकावर बसते.

फर्ममधला ज्युनिअर कैफियत लिहितो. वादीचा प्रत्येक कागद मान्य की अमान्य, आणि अमान्य असेल तर का, हे शपथपत्रावर सांगावं लागतं, त्यामुळे शब्दन् शब्द तोलायची सवय लागते. पार्टनर चांगला असेल तर मसुदा लाल होऊन परत येतो. वाईट असेल तर तो स्वतःच नीट करून पाठवून देतो आणि तुम्हाला काय चुकलं ते कधीच कळत नाही. उभं राहून बोलायला बहुधा बाहेरचा कौन्सेल येतो.

चेंबरमधला ज्युनिअर तारखांचा तक्ता करतो, निवाडे काढतो, बोर्डावर नजर ठेवतो, सीनिअर दुसऱ्या कोर्टात अडकले तर तारीख मागतो. मुद्दे निघाले की खरं शिक्षण सुरू होतं. वादीचा अकाउंटंट पिंजऱ्यात आला की कुठला कागद आधी दाखवायचा आणि कुठे गप्प बसायचं, हे पुस्तकात नाही. ते शेजारी बसूनच कळतं.

म्हणून मी नावाजलेल्या चेंबरपेक्षा, ज्यांच्याकडे साक्षी-पुरावे चालतात अशा मधल्या फळीतल्या वकिलाकडे जायला सांगते. पुण्यात, नगरला दाखल करणं आणि चालवणं एकाच ऑफिसात होतं. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला सॉलिसिटरचं ऑफिस आणि कौन्सेलचं चेंबर वेगळं, त्यामुळे ज्युनिअरला एकच अर्धा भाग दिसतो. आणि भेटायला जाल तेव्हा सीनिअरना नको, त्यांच्या सध्याच्या ज्युनिअरला विचारा: शेवटची उलटतपासणी तू स्वतः कधी घेतलीस? तो छताकडे बघायला लागला तर उत्तर मिळालं.

आता पैसे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरला शहरात किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये महिना द्यावेत असं सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि बऱ्याच चेंबरांत त्याहून कमी मिळतं. घरी हप्ते चालू असतील तर फर्मची डिस्प्यूट्स टीम हा मला पटणारा मधला मार्ग आहे. मोठ्या फर्मचे पैसे चेंबरपेक्षा खूपच जास्त असतात. ते बऱ्याच ठिकाणी पगार म्हणून नाही, तर 10 टक्के टीडीएस कापून व्यावसायिक फी म्हणून येतात.

हा फरक नुसता हिशेबाचा नाही. बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही. कंपनीत रुजू होताना तसं कळवून सनद स्थगित करावी लागते. ती परत सुरू करता येते, पण मधली वर्षं वकिलीत धरली जात नाहीत. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षं तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात, न्यायाधीशांकडचं लॉ क्लार्कचं कामही त्यात धरतात, कंपनीतली नोकरी मात्र नाही. जेएमएफसीचा विचार मनात असेल तर तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत कंपनीचं ऑफर लेटर घेऊ नका, आणि रोजनाम्यात हजेरी लागलेल्या प्रकरणांची यादी पहिल्या महिन्यापासून ठेवा. दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र लागतं, त्यावर न्यायिक अधिकाऱ्यांचं पृष्ठांकनही. तेव्हा ती यादी उपयोगी पडेल.