फोनमध्ये फोटो आहेत, कॉम्प्युटरवर फोल्डर रिकामं: माझा अनुभव

दोन संध्याकाळी माझ्या यात वाया गेल्या, म्हणून लिहून ठेवते आहे.

अँड्रॉइड ८ वर चालणाऱ्या माझ्या जुन्या फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे होते. आधी फाइल मॅनेजरमधून ४१२ फोटो 'सहल' नावाच्या नव्या फोल्डरमध्ये हलवले होते. केबल लावली, फोन अनलॉक केला, सूचनेत Transfer files निवडलं. विंडोजने फोल्डर दाखवलं आणि आत लिहिलं होतं, This folder is empty.

पहिल्या दिवशी केबल बदलली, पोर्ट बदललं, ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. सगळं व्यर्थ! खूण तर डोळ्यांसमोरच होती. कॅमेऱ्याने नुकताच काढलेला फोटो विंडोजमध्ये लगेच दिसत होता, फक्त हलवलेले दिसत नव्हते. केबल खराब असती तर नवा फोटोही आला नसता.

कारण असं, की या जुन्या अँड्रॉइडमध्ये फोन कॉम्प्युटरला प्रत्यक्ष फोल्डर वाचून दाखवत नाही, तर स्वतःच्या मीडिया नोंदवहीतली यादी दाखवतो. कॅमेरा फोटो काढला की नोंद करतो. माझ्या फाइल मॅनेजरने फोटो हलवले, पण नोंदवहीला कळवलंच नाही.

उपाय सापडला आणि मी तिथेच अडकले. Settings मध्ये Apps, वरच्या तीन ठिपक्यांतून Show system, मग Media Storage, त्यात Storage आणि शेवटी Clear data. या बटणावर बोट ठेवून मी किती वेळ बसले होते! 'डेटा' म्हणजे माझे फोटोच, असं वाटत होतं. तसं नसतं. पुसली जाते ती फक्त यादी, फोटो जागच्या जागी राहतात. तरी निवडलेली रिंगटोन आणि गाण्यांच्या याद्या जाऊ शकतात, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ज्यांचा धीर होत नसेल त्यांनी आधी फाइल मॅनेजरमधून चार महत्त्वाचे फोटो स्वतःला पाठवून ठेवावेत. मी तेच केलं.

बटण दाबून फोन रीस्टार्ट केला, आणि आता गॅलरीही रिकामी! छातीत धस्स झालं. पण यादी नव्याने बनत असताना असंच दिसतं. फाइल मॅनेजर उघडला तर ४१२ फोटो तसेच होते, तेव्हा कुठे जिवात जीव आला. फोन चार्जिंगला लावून थांबले. हळूहळू गॅलरी भरत गेली.

मग केबल काढून पुन्हा लावली, कारण विंडोजने आधीची रिकामी यादी धरून ठेवलेली असते. सगळे ४१२ आले.

अँड्रॉइड ९ पासून फोन कॉम्प्युटरला थेट फोल्डर वाचून दाखवतो. तिथे फोल्डर रिकामं दिसलं तर आधी स्क्रीन लॉक आहे का आणि केबल चार्जिंगवरच तर नाही ना, हे बघा. Clear data च्या वाटेला लगेच जाऊ नका.