क्रमवारी घसरल्यावर ग्राहकाला काय सांगावे?

आज एसईओच्या, म्हणजे वेबसाइट गूगल शोधात वर आणण्याच्या कामाच्या, मुलाखतीत कीवर्ड संशोधन आणि साइट ऑडिटचे प्रश्न लवकर आटोपले; खरी चर्चा झाली ती एका प्रसंगावर. वेबसाइटची नवी रचना केल्यानंतर एका फर्निचर विक्रेत्याची क्रमवारी अचानक घसरली, तर त्याला काय सांगाल? मी म्हणालो की, अल्गोरिदमला दोष देण्याआधी गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात घसरणीपूर्वीचे आणि नंतरचे 28 दिवस पानागणिक ताडून पाहीन. केवळ उत्पादनांचीच पाने शोधातून गळाली असतील आणि त्याच साधनातील यूआरएल तपासणीत noindex, म्हणजे पान शोधात दाखवू नका ही सूचना, आढळली, तर चाचणीच्या काळात घातलेली ती सूचना काढायची राहिली, असे मानायला जागा आहे. ती काढून पुन्हा इंडेक्सिंगची, म्हणजे पाने शोधाच्या यादीत घेण्याची, विनंती करता येते. मात्र पूर्वीचे स्थान कधी मिळेल याची तारीख ग्राहकाला देऊ नये, असे माझे ठाम मत आहे, कारण तो निर्णय गूगलचा असतो.